टायट्रेशनचं गणित: आधी मिलीमोल मोजा, पीएच नंतर

परवा रात्री साडेदहाला भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. वहीचं पान, मधोमध ट्यूबलाइटची चकाकी, एक कोपरा मुडपलेला, आणि खाली मेसेज, "मामा, बाकी सगळं बरोबर आलंय, फक्त इक्विव्हॅलन्स पॉइंटला माझं ८.९१ येतंय आणि उत्तर ८.७४ दिलंय, दोन तास झाले सापडत नाहीये." ती एफवायबीएस्सीला आहे, सदाशिव पेठेत पीजी म्हणून राहते, आणि मी कोथरूडला, म्हणून मग फोनवरच बसलो दोघं. तिची चूक एका ओळीची होती पण ती चूक आधीच्या चार उत्तरांमध्ये का दिसली नाही हे कळलं की टायट्रेशनचा अख्खा कर्व्ह कळतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी फोटो नीट वाचायचा. गणितात लिहिलं होतं की २५.० मिली ॲसेटिक ॲसिड, कॉन्सन्ट्रेशन ०.१२० मोलार, त्यात बुरेटमधून ०.१०० मोलार सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं, आणि ०, १०.०, १५.०, २५.०, ३०.० आणि ३५.० मिली टाकल्यावर प्रत्येक वेळी पीएच काढायचा. केए दिलेला होता १.८ गुणिले दहाचा काहीतरी घात, आणि तो घात बरोबर घडीवर आलेला, उणे पाच आहे का उणे सहा ते कळत नव्हतं. भाचीने उणे पाच धरलं होतं, ते बरोबरच आहे, पण "मला वाटलं म्हणून" असं नको. ॲसेटिक ॲसिडचा पीकेए ४.७४ ते ४.७६ च्या आसपास असतो हे पाठच असायला हवं, आणि नसेल तर पडताळा घेता येतो. केएचा घात एकने चुकला तर बफरच्या भागातली सगळी उत्तरं बरोबर १ ने सरकतात, आणि सुरुवातीचं आणि इक्विव्हॅलन्स पॉइंटचं उत्तर अर्ध्याने, म्हणजे ०.५ ने सरकतं, कारण तिथे वर्गमूळ येतं. उणे सहा धरलं असतं तर इक्विव्हॅलन्सला ९.२४ आलं असतं, मागे छापलेलं उत्तर ८.७४ आहे, म्हणजे उणे पाचच. २५.० मधला टिंबही फोटोत जवळजवळ दिसत नव्हता, पण २५० मिलीचा पिपेट कुणी तोंडाजवळ धरलेला पाहिलाय का, २५ चाच असतो.

आता खरं काम. मी तिला पहिली गोष्ट ही सांगितली की पीएचचा फॉर्म्युला आत्ता बाजूला ठेव, आधी फ्लास्कमध्ये काय किती उरलंय ते मिलीमोलमध्ये मोज. मोलारिटी गुणिले मिली केलं की मिलीमोल मिळतात, आणि मिलीमोलची मजा ही की पाणी वाढलं तरी ते बदलत नाहीत, कॉन्सन्ट्रेशन मात्र प्रत्येक थेंबाला बदलत जातं. फ्लास्कमध्ये ॲसिड किती?

```
25.0 mL x 0.120 M = 3.00 mmol CH3COOH
NaOH लागेल: 3.00 mmol / 0.100 M = 30.0 mL
```

म्हणजे ३०.० मिलीला ॲसिड संपणार, तोच इक्विव्हॅलन्स पॉइंट, आणि १५.० मिलीला अर्ध संपणार. इथे बरीच मुलं २५ मिली ॲसिड आहे म्हणून २५ मिली बेस लागेल असं डोक्यात धरून बसतात, तसं फक्त दोन्हीची मोलारिटी सारखी असेल तरच होतं.

बेस नसताना, म्हणजे ० मिलीला, फ्लास्कमध्ये नुसतं वीक ॲसिड आहे. ते थोडंसंच फुटतं, म्हणून:

```
[H+] = sqrt(Ka x C) = sqrt(1.8e-5 x 0.120)
     = 1.47e-3 M
pH   = 2.83
```

०.१२० पैकी ०.००१४७ फुटलं, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास, त्यामुळे न फुटलेलं ॲसिड ०.१२० च धरलं हे चालून जातं.

आता १०.० मिली बेस टाकला. हायड्रॉक्साइड आला १.०० मिलीमोल, तो ॲसिडशी पूर्ण रिॲक्ट होतो, मागे एकही उरत नाही. जेवढा हायड्रॉक्साइड तेवढं ॲसिड कमी आणि तेवढाच ॲसिटेट तयार.

```
                CH3COOH   OH-    CH3COO-
आधी  (mmol)      3.00     1.00    0
नंतर (mmol)      2.00     0       1.00

एकूण व्हॉल्यूम = 25.0 + 10.0 = 35.0 mL
[CH3COOH] = 2.00 / 35.0 = 0.0571 M
[CH3COO-] = 1.00 / 35.0 = 0.0286 M
```

फ्लास्कमध्ये आता ॲसिड पण आहे आणि त्याचाच ॲसिटेट पण आहे. हाच बफर. बाटलीतून ॲसेटिक ॲसिड आणि सोडियम ॲसिटेट वेगवेगळं घेऊन मिसळलं असतं तरी नेमकं हेच मिळालं असतं, आपण फक्त ॲसिटेट जागेवर तयार केला. मुलांना बफरचा चॅप्टर आणि टायट्रेशनचा चॅप्टर वेगळे वाटतात, मला वाटतं गोंधळाचं निम्मं मूळ तिथेच आहे, कारण टायट्रेशनचा मधला सगळा भाग म्हणजे बफरच असतो, फक्त दर मिलीला त्याचं प्रमाण बदलतं.

बफरला हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण लावायचं. हेंडरसनने १९०८ मध्ये मांडलं तेव्हा पीएच ही कल्पनाच आलेली नव्हती, ती सोरेनसनने १९०९ मध्ये आणली, आणि हॅसलबाल्कने नंतर त्याला लॉगचं रूप दिलं. म्हणून समीकरण अडलं की लॉग विसरून मूळ रूपात जायचं, तिथे नुसता गुणाकार-भागाकार आहे:

```
[H+] = Ka x [CH3COOH] / [CH3COO-]
pH   = 4.74 + log(0.0286 / 0.0571)
     = 4.74 + log(0.5) = 4.44
```

आता बघा, ०.०२८६ भागिले ०.०५७१ म्हणजे ०.५, आणि नुसते मिलीमोल घेतले तरी १.०० भागिले २.०० म्हणजे ०.५ च. वरही ३५.० ने भागलं, खालीही ३५.० ने भागलं, ते कटलं. व्हॉल्यूम इथे लागतच नाही. भाचीने कॉन्सन्ट्रेशन काढलंच नव्हतं, सरळ मिलीमोलचा रेशो घेतला होता, आणि उत्तर बरोबर आलं. १५.० मिलीला पण तसंच, ॲसिड १.५०, ॲसिटेट १.५०, दोन्ही ४०.० मिलीमध्ये म्हणजे प्रत्येकी ०.०३७५ मोलार, रेशो १, लॉग शून्य, पीएच म्हणजे पीकेएच, ४.७४. २५.० मिलीला:

```
CH3COOH = 3.00 - 2.50 = 0.50 mmol
CH3COO- = 2.50 mmol
व्हॉल्यूम = 50.0 mL
[CH3COOH] = 0.0100 M, [CH3COO-] = 0.0500 M
pH = 4.74 + log(5) = 5.44
```

इथेही रेशो ५ च, व्हॉल्यूम घ्या किंवा सोडा. म्हणजे सलग तीन उत्तरं तिने व्हॉल्यूम न बघता काढली आणि तिन्ही बरोबर आली, आणि मग मनात बसलं की व्हॉल्यूमचं काही कामच नाहीये. चूक तेव्हाच सुरू झाली होती, दिसली पुढे.

पुढे जाण्याआधी या समीकरणाची एक मर्यादा, कारण परीक्षेत फसवणारं एखादं गणित असं येतं. समजा फक्त ०.१ मिली बेस टाकला. ॲसिड २.९९ मिलीमोल, ॲसिटेट ०.०१. समीकरणात घातलं तर पीएच येतो २.२७. आता सुरुवातीचा पीएच २.८३ होता, आपण बेस टाकला, आणि पीएच खाली गेला? असं होऊच शकत नाही, आणि उत्तर चुकलंय हे ओळखायची खूण हीच. कारण असं की समीकरण धरून चालतं की सगळा ॲसिटेट आपण टाकलेल्या बेसमुळेच आला, पण एवढ्या सुरुवातीला ॲसिड स्वतः फुटून जो ॲसिटेट तयार करतं तो आपल्या ०.०१ मिलीमोलपेक्षा कितीतरी जास्त असतो. मग क्वाड्रॅटिक सोडवायचं:

```
व्हॉल्यूम = 25.1 mL
[CH3COO-] = 0.000398 M, [CH3COOH] = 0.119 M
x(0.000398 + x) / (0.119 - x) = 1.8e-5
x = 1.27e-3 M, pH = 2.90
```

२.९०, म्हणजे २.८३ पेक्षा जरासा वर, बरोबर दिसतंय. माझा नियम असा की ॲसिड आणि ॲसिटेटचा रेशो एका दहाच्या आत असेल, म्हणजे पीकेएच्या एक वर आणि एक खाली, तर डोळे मिटून हेंडरसन, त्याच्या बाहेर गेलं की निघालेला एच प्लस ॲसिटेटच्या तुलनेत किती आहे ते एकदा बघायचंच.

आता तिची अडलेली जागा, ३०.० मिली. ॲसिड ३.००, हायड्रॉक्साइड ३.००, दोन्ही संपले, फ्लास्कमध्ये उरला फक्त ३.०० मिलीमोल ॲसिटेट. ॲसिडच नाही म्हणजे बफर नाही, हेंडरसन लावला तर शून्याने भागायची वेळ येते. ॲसिटेट हा वीक बेस आहे, तो पाण्याकडून एच प्लस ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड सोडतो, म्हणून पीएच ७ च्या वर जातो. सगळं न्यूट्रल झालं म्हणजे पीएच ७, हे फक्त स्ट्राँग ॲसिड आणि स्ट्राँग बेस असताना.

मी विचारलं, "ॲसिटेटचं कॉन्सन्ट्रेशन किती घेतलंस?" ती म्हणाली, "०.१२०, कारण सगळ्या ॲसिडचा ॲसिटेट झाला ना." मी म्हटलं, "बाळा, मिलीमोल तेवढेच आहेत, पण फ्लास्कमध्ये आता किती मिली आहे?" तीन-चार सेकंद शांतता, आणि मग, "अरे देवा, पंचावन्न."

```
व्हॉल्यूम = 25.0 + 30.0 = 55.0 mL
[CH3COO-] = 3.00 / 55.0 = 0.0545 M
Kb = 1.0e-14 / 1.8e-5 = 5.56e-10
[OH-] = sqrt(5.56e-10 x 0.0545) = 5.50e-6 M
pOH = 5.26, pH = 8.74
```

०.०५४५ च्या जागी ०.१२० घातलं की ८.९१ येतं, तिचं उत्तर. इथे रेशो नाही, एकट्या ॲसिटेटचं कॉन्सन्ट्रेशन आहे, त्यामुळे व्हॉल्यूम कटायला समोर कुणी नाही. वर्गमूळामुळे चूक दबली आणि फरक फक्त ०.१७ चा आला, म्हणून तिला वाटत होतं कुठेतरी राउंडिंग चुकलंय आणि ती दोन तास कॅल्क्युलेटर बडवत बसली. राउंडिंगने दुसऱ्या दशांशात एखादा अंक इकडेतिकडे होतो, पहिला दशांश हलला की कारण दुसरीकडे शोधायचं.

३५.० मिलीला तर ही चूक वर्गमूळाच्या आडोशालाही राहत नाही. ५.० मिली बेस जादा झाला, म्हणजे ०.५० मिलीमोल हायड्रॉक्साइड उरला, ॲसिटेटचा हायड्रॉक्साइड त्याच्यापुढे नगण्य.

```
[OH-] = 0.50 / 60.0 = 8.33e-3 M
pOH = 2.08, pH = 11.92
```

उरलेला बेस ०.१०० मोलारच आहे असं धरलं असतं तर पीएच १३.०० आला असता, सरळ एकापेक्षा जास्तचा फरक. म्हणून प्रत्येक स्टेपला एकूण व्हॉल्यूम आणि कॉन्सन्ट्रेशन लिहायचंच, जिथे कटतं तिथेसुद्धा. पाच सेकंद जास्त जातात, पण जिथे कटत नाही तिथे हात आपोआप भागाकार करतो.

रविवारी ती आली, येताना अप्पा बळवंत चौकातून ग्राफ पेपर घेऊन आली, आणि आम्ही कर्व्ह काढला. आडव्या अक्षावर मिली, उभ्यावर पीएच. गणितात विचारलेले सहा पॉइंट लावले तर २५ ते ३० च्या मधे नुसती तिरकी रेघ येते आणि कर्व्हचा खरा आकार दिसत नाही, म्हणून मी तिला आणखी चार पॉइंट काढायला लावले, २९.०, २९.९, ३०.१ आणि ३१.०. ते आले अनुक्रमे ६.२१, ७.२२, १०.२६ आणि ११.२५. पद्धत तीच, ३० च्या आधी रेशो, ३० च्या नंतर उरलेला हायड्रॉक्साइड भागिले एकूण व्हॉल्यूम.

पेन्सिलने जोडल्यावर ती स्वतःच म्हणाली की मधे सपाट आहे आणि मग एकदम भिंत. १५ मिलीपासून एक मिली आणखी टाकला तर पीएच ४.७४ वरून ४.८० होतो, बस. तोच एक मिली ४० मिली साध्या पाण्यात टाकला असता तर पीएच ७ वरून ११.३९ ला गेला असता. बफर म्हणजे काय हे मला तरी या दोन आकड्यांएवढं दुसऱ्या कशातून कधी समजावता आलं नाही. आलेला हायड्रॉक्साइड मोकळा राहतच नाही, १.५० मिलीमोल ॲसिड तिथे बसलंय, ते त्याला गिळतं, रेशो १ वरून १.१४ होतो आणि १.१४ चा लॉग अगदी किरकोळ. २९ मिलीला मात्र ॲसिड उरलंय फक्त ०.१० मिलीमोल, पुढच्या एका मिलीत ते संपतं आणि पीएच ६.२१ वरून ८.७४.

भिंत किती उभी आहे ते बुरेटजवळ उभं राहिलं की कळतं. बुरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, म्हणजे २९.९ ते ३०.१ हे चार थेंब, आणि त्या चार थेंबांत पीएच ७.२२ वरून १०.२६. म्हणून शेवटी बुरेटची तोटी अगदी हलकी फिरवायची, नोजलला लटकलेला अर्धा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्यायचा आणि वॉश बॉटलने आत धुवायचा. धुतलेल्या पाण्याने मिलीमोल बदलत नाहीत, त्यामुळे रीडिंग बिघडत नाही, प्रॅक्टिकलमध्ये हे पाणी टाकायला मुलं उगाच घाबरतात.

इंडिकेटर कुठला हेही याच भिंतीवरून ठरतं. फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.३ ते १० मध्ये रंग बदलतं, म्हणजे ते भिंतीवरच बसलंय, एक-दोन थेंब इकडेतिकडे झाले तरी व्हॉल्यूम ३०.० च्या जवळच येणार. मिथाइल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये बदलतं, आणि आपल्या ग्राफवर ४.४४ कुठे आहे, १०.० मिलीला. तिथे तो पिवळा होऊन मोकळा, अजून दोन तृतीयांश ॲसिड फ्लास्कमध्ये शिल्लक असताना. आणि तो बदलतोही हळूहळू, लाल, केशरी, पिवळा असं करत कित्येक मिलीभर, कारण तिथे कर्व्ह भिंतीसारखा उभा नाहीये. कुणाचा एंड पॉइंट असा ओढत ओढत आला आणि रीडिंग प्रत्येक वेळी वेगळं यायला लागलं तर आधी बाटलीवरचं इंडिकेटरचं नाव बघायचं.

ग्राफ झाल्यावर तिने विचारलं की लॅबमध्ये तिचा गुलाबी रंग मिनिटाभरात उडून गेला होता, मग तिने आणखी थेंब टाकले, ते बरोबर का. नाही. फ्लास्क हलवताना हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळतो, तो हायड्रॉक्साइड खातो आणि पीएच ८.३ च्या खाली घसरला की रंग जातो. एंड पॉइंटला जादा हायड्रॉक्साइड इतका थोडा असतो की एवढंही पुरतं. फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्यायचं आणि बुरेटला पुन्हा हात लावायचा नाही.